बाईंच्या वहीतली माझी ओळ

हे मी लिहिणारच नव्हते. सर म्हणाले कॉलेजच्या अंकासाठी आपल्या भागातल्या एखाद्या साध्या माणसावर लिहून द्या, तर मी आसनगाव स्टेशनबाहेरच्या एका भजीवाल्यावर दोन पानं टाइप करून दिली पण होती. मग परवा कळलं की रंजनाबाई या महिन्याच्या एकतीस तारखेला रिटायर होतायत. तशीच धावत गेले आणि सरांच्या टेबलावरून ती दोन पानं उचलून आणली. सर ओरडले, मी ऐकलं नाय.

भीती एवढीच होती की बाईंबद्दल सांगायचं तर त्यांची वही सांगावी लागते, आणि त्या वहीत एक ओळ माझी आहे. मी दहा वर्षांची असताना सांगितलेली. त्या ओळीमुळे माझ्या बापाला विहिरीच्या दोरखंडानं बांधलं. आता लिहितेच.

सिद्धगडाच्या पायथ्याला मुरबाड तालुक्यात एका संस्थेची आश्रमशाळा होती, तिथल्या मुलींच्या वसतिगृहाच्या रंजनाबाई अधीक्षिका. एकशे चार पोरी, एक विहीर, एक स्वयंपाकीण ठकूबाई, एक वॉचमन नामा आणि बाई. आमची वाडी तिथून तीन कोस. गावाच्या कडेला, गावात नाय. दिवाळी झाली की आमची वाडी रिकामी व्हायची, सगळे वीटभट्टीवर जायचे. मला आईनं भट्टीवरून उचलून या शाळेत आणून टाकलं होतं. आईचं नाव गंगी. बाईंना ती म्हणाली होती, "बाय, हिला कुणाला देऊ नको. बापाला पण नको."

बापाचं नाव गोमा. शुद्धीत असला की चांगला होता हे मला लिहावंसं वाटतं म्हणून लिहिते. मला खांद्यावर घेऊन नदी ओलांडायचा. पण शुद्धीत कमी असायचा. सत्त्याण्णवच्या हंगामात भट्टीवर त्यानं आईला विटांच्या लाकडी साच्यानं मारलं. पाठीत मारलं, मग डोक्यात मारलं. तिसऱ्या दिवशी ती गेली. भट्टीवाल्यानं कागदावर लिहिलं की विटांच्या थरावरून पडली. वाडीत सगळ्यांना माहीत होतं, कागदाला माहीत नव्हतं.

शिमग्याला पोरींना घरी न्यायला माणसं येतात. त्या शिमग्याला माझा बाप आला, हातात कोयता. कोयता आमच्याकडे सगळेच घेऊन फिरतात, त्यात काय. पण तो प्यालेला होता. म्हणाला, "पोरगी दे. भट्टीवर भाकर करायला कोण नाय."

बाई म्हणाल्या, "गोमा, आधी बस. पाणी पी."

आणि बाईंनी त्याच्या हातात तांब्या दिला. बाई सगळ्यांना हातातच तांब्या द्यायच्या. गावात आमच्या माणसांना कुणी भांडं देत नाय, वरून ओततात, आपण खाली बसून ओंजळ धरायची. बाईंना ते अजिबात चालायचं नाय. शाळेच्या ओट्यावर तसं ओतणाऱ्या एका मास्तरला त्यांनी एकदा सगळ्यांसमोर झापलं होतं. तर त्यांनी तांब्या दिला. बापानं डाव्या हातानं तांब्या तोंडाला लावला, उजव्या हातात कोयता तसाच. अर्धं पाणी प्याला आणि पिता पिताच कोयता फिरवला. तो डोक्यावरच यायचा, बाईंनी हात आडवा घातला. मनगटापासून कोपरापर्यंत मांस उघडं पडलं. मी दारातच होते. आतलं पांढरं दिसलं मला. रक्त ओट्यावरून पायरीवर आणि पायरीवरून मातीत, आणि तांब्या गडगडत गेला तो पार विहिरीपर्यंत.

चौदा टाके. बाप पळून गेला.

बाईंनी काय केलं, तर आधी संस्थेच्या सेक्रेटरींना फोन केला. भगीरथशेठ. ते म्हणाले, पोलीस नको, शाळेचं नाव जाईल, गावात बसून मिटवू. मिटवलं. बाप बैठकीत बाईंच्या पाया पडून ढसाढसा रडला आणि सगळे म्हणाले, बघा, सुधारला. पोरींच्या रजिस्टरात माझ्या नावापुढे पालक म्हणून त्याचाच अंगठा होता, तो तसाच राहिला.

हे सगळं सांगितलं कारण पुढचं यावरच आहे.

त्या वर्षी, म्हणजे अठ्ठ्याण्णवला, बाईंना शहापूर तालुक्यात उंबरमाळीकडच्या एका वसतिगृहात जागा मिळाली. एक डिसेंबरला हजर व्हायचं, नाय तर दुसरीला घेणार. त्यांचा नवरा आसनगावला राहायचा, त्यांना ती जागा पायजेच होती. दिवाळी आधीच झाली होती. त्यांनी एक नोव्हेंबरपासून महिन्याची नोटीस दिली. भगीरथशेठ स्वतः आले, चहा प्यायले आणि म्हणाले, "आता महिनाभर आराम करा बाई. कोण जाताना कामं करतं? नवीन पोरगी येतेय, तिला किल्ल्या द्या, भांडी मोजून द्या, झालं."

बाई म्हणाल्या, "शेठ, अकरा वर्षं काय केलं ते कुणाला आठवणार नाय. हा शेवटचा महिना आठवेल."

"मग काय, सत्कार पायजे का मोठा?"

"रिलीव्ह ऑर्डर पायजे. तीस तारखेला, वेळेवर. आणि तोपर्यंत माझ्या पद्धतीनं चार्ज देणार."

शेठ हसले. त्यांना वाटलं भांड्यांचं चाललंय.

नवीन बाई आल्या कल्याणहून. हर्षाली. बावीस-तेवीसच्या असतील, केस कापलेले, पायात सँडल. ठकूबाई पहिल्याच दिवशी त्यांना वरून खाली बघून म्हणाली, "गो बाय, या सँडलीवर तू विहिरीवर जाशील तर थेट आतच." हर्षालीबाई हसल्या पण घाबरल्या होत्या, रात्री रडायच्या ते आम्हाला ऐकू यायचं.

पहिले दोन दिवस खरोखरच भांडी. संस्थेचा छापील चार्जचा कागद होता, त्यात ट्रंका किती, घोंगड्या किती, पातेली किती, कंदील चालू किती, बंद किती. दोघींनी मोजलं, सह्या केल्या. मग बाईंनी तो कागद बाजूला ठेवला आणि एक दोनशे पानी वही काढली.

"त्यात वस्तू होत्या," त्या म्हणाल्या. "यात पोरी आहेत."

प्रत्येक पोरीचं एक पान. कुणाला फिट येते, आधी काय होतं, कुठल्या कुशीवर झोपवायचं. कोण झोपेत चालत विहिरीकडे जाते. कुणाच्या घरचा रस्ता कुठल्या ओढ्यावरून, पावसात कुठून वळायचा. कुणाला न्यायला कोण येतं आणि त्यातलं कुणाला द्यायचं, कुणाला नाय. शेवटच्या पानावर "अपुरी कामं" असं लिहून खाली सात कामं. पहिलं काम मी होते. काजल गोमा, पाचवी. पालक बदलणे बाकी.

बाईंनी महिना असा कापला होता की पहिला आठवडा मी करते, तू बघ. दुसरा आठवडा तू कर, मी बघते. तिसऱ्या आठवड्यात मी आहेच नाय असं समजायचं, मेलं तरी मला विचारायचं नाय. आणि शेवटचा आठवडा चुकलेलं दुरुस्त करायला. हर्षालीबाई म्हणाल्या, "ताई, तिसऱ्या आठवड्यात तुम्ही घरीच जा ना मग, सुट्टी मिळेल तुम्हाला." बाई म्हणाल्या, "घरी गेले तर वहीत काय सुटलंय ते मला कसं कळणार?"

पहिल्या आठवड्यात वहीची परीक्षाच झाली. बाई एकदम दुपारी जेवता जेवता उठल्या आणि म्हणाल्या, "हर्षाली, गोमा आलाय. कोयता आहे. काय करायचं?"

हर्षालीबाईंनी हात तसाच खरकटा घेऊन वही उघडली. वही हजेरीच्या नंबरानं लावलेली. माझा नंबर एकाहत्तर. त्यांना नंबर माहीत नाय, पानं उलटतायत, उलटतायत. सापडलं तर ते सगळं निबंधासारखं लिहिलेलं, "सदर विद्यार्थिनीची पार्श्वभूमी अशी की".

ठकूबाई भाकरी थापता थापता बोलली, "तुमची पार्श्वभूमी होईस्तवर त्यानं दोघींची मुंडकी कापून चुलीत घातली असती."

आम्ही पोरी हसलो. बाई नाय हसल्या. त्यांनी त्या रात्री ते पान फाडलं. दुसऱ्या दिवशी मला ऑफिसात बोलावलं, दार लावलं आणि समोर कोरं पान ठेवलं.

"काजल, तुझं पान आहे. तुला माहीत असायला पायजे. खोटं सांगायचं नाय आणि लपवायचं नाय. गोमा येणार, भट्टी लागली की येणारच. फाटक अडवून उपयोग आहे का?"

मी म्हटलं, "नाय. कुडाचं आहे. तो तोडतो आणि मग जास्त चिडतो. आईनं दार लावलं होतं तर त्यानं दार आणि आई दोन्ही..."

बाईंनी लिहिलं, फाटक अडवू नये. आत घ्यावं. ओट्यावर बसवावं.

"त्याला कुणाचं भय वाटतं?"

"कुणाचं नाय."

"कोयता कधी खाली ठेवतो?"

मी विचार केला. झोपताना पण उशाला असतो. जेवताना डावीकडे, हात पोचेल असा. मग मला पाटलाचं अंगण आठवलं. बाप तिथं कामाला जायचा, मी त्याच्यासोबत असायचे. पाटलीणबाई पाणी ओतायची वरून आणि बाप उकिडवा बसून दोन्ही हात जोडायचा ओंजळीला. कोयता जमिनीवर.

मी म्हटलं, "वरून ओततात तेव्हा. ओंजळीला दोन्ही हात लागतात."

बाईंनी पेन खाली ठेवलं. हाताच्या व्रणावरून बोट फिरवत होत्या. मला वाटलं मी काहीतरी घाण बोलले. मग त्यांनी लिहिलं, मग खोडलं, मग परत लिहिलं. पाणी वरून ओतावे, तांब्या हातात देऊ नये.

"ही ओळ तुझी आहे," त्या म्हणाल्या. "लाज मात्र माझी."

मला तेव्हा कळलं नाय. आता कळतं, आणि त्यांचं ते वाक्य मी अजून पूर्ण मानलेलं नाय.

नवीन पान मोठ्या अक्षरात, एका ओळीत एकच गोष्ट. कुत्रं भुंकलं की मोठ्या पोरींनी लहानांना मागच्या वर्गात न्यायचं आणि कडी घालायची. नामानं दोरखंड घेऊन ओट्यामागे उभं राहायचं, पुढे यायचं नाय, कारण पुरुष दिसला की गोमा आधी त्याच्यावर जातो. वाद घालायचा नाय, नाय हा शब्द उच्चारायचा नाय. पाणी. कोयता ठकूबाईनं उचलायचा. एका नववीच्या पोरीनं मागच्या वाटेनं पोलीस पाटलाकडे धावायचं. आणि सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित केलेलं, आधी पोलिसात तक्रार, मग संस्थेला फोन. त्याच्या बाजूला बाईंनी स्वतःबद्दल लिहिलं, मी उलटं केलं होतं.

हे पान वहीत नाय ठेवलं. फाटकाजवळच्या खोलीत दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलं. ठकूबाईला वाचता येत नव्हतं, तिला बाईंनी रोज पाठ करून घेतलं, कांदा चिरता चिरता. ती वैतागायची. "मला शाळेत घालाच आता, पहिलीत."

एकोणीस तारीख, गुरुवार, तिसरा आठवडा. दुपारचे तीन. बाई नियमाप्रमाणे नव्हत्या, म्हणजे धान्याच्या खोलीत आतून कडी लावून बसल्या होत्या, सात कामांपैकी एकाचे कागद लिहीत. मी ओट्याच्या बाजूच्या खोलीत आजारी म्हणून पडले होते, बाकी पोरींसोबत मागच्या वर्गात पोचलेच नाय.

कुत्रं भुंकलं. लगेच थांबलं. असं अर्ध्यात थांबत नाय कधी कुत्रं.

मी गजातून बघितलं. बाप फाटकातून आत आला होता आणि कुत्रं फाटकात दोन तुकडे होऊन पडलं होतं. मोती नाव होतं त्याचं, पोरींनीच ठेवलेलं. मागचे पाय हलत होते अजून. बाप पायानं त्याला बाजूला सारून पुढे आला. कोयत्यावरून रक्त गळतंय, लुंगी रक्तानं भिजलेली. डोळे असे होते की मला ओळखीचे वाटलेच नाय.

"पोरगी कुठं?"

हर्षालीबाई ओट्यावर आल्या. सँडल नव्हती पायात. त्या काय बोलल्या ते मला पाठ आहे. "या. उन्हातून आलात. बसा."

"बसायला नाय आलो मी! ती मोठी बाय कुठं? तिचा दुसरा हात पण तोडतो!"

"त्या गेल्या. आता मी आहे. पाणी देते."

त्यानं ओट्याच्या खांबावर कोयता मारला. लाकडात रुतला, त्यानं उपसून काढला, ढलपी उडून हर्षालीबाईंच्या गालाला लागली. त्यांनी डोळे मिटले नाय. मागे ठकूबाई माठापाशी उभी, पदर खोचून. धान्याच्या खोलीचं दार गप्प.

मला आतून ओरडावंसं वाटत होतं, बाई, बाहेर या. मी उशी तोंडात धरली.

हर्षालीबाईंनी तांब्या भरला. बापानं डावा हात पुढे केला, तांब्यासाठी. मागच्या वेळेसारखा. आणि त्या तशाच उभ्या राहिल्या, तांब्या वर धरून, जराशा वाकून. दिला नाय.

बापाचा हात हवेत राहिला. तो त्यांच्याकडे बघत राहिला. मग हळूहळू त्याच्या अंगातून काहीतरी गेलं. कसं सांगू. जसं पाटलाच्या अंगणात बसायचा तसा तो उकिडवा झाला. कोयता पायाशी ठेवला, मुठीवर पायाचा अंगठा टेकवून. दोन्ही हात जोडले.

"तुमी पण वरूनच ओतता का बाय?" तो म्हणाला. अगदी साध्या आवाजात. "इथं तर हातात देत होते."

हर्षालीबाई ओतत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पण चाललं होतं, पण हात हलू दिला नाय. धार ओंजळीत पडत राहिली. बाप पीत राहिला. खूप तहान लागली होती त्याला.

ठकूबाई आली ती मुसळ घेऊन. कोयत्याच्या मुठीवर पाय होता म्हणून तिनं आधी पायावरच मारलं. हाड मोडल्याचा आवाज मला आत ऐकू आला. बाप गुरासारखा ओरडला आणि तशाच एका पायावर उठून हर्षालीबाईंना डोक्यानं धडक दिली. त्या खांबावर आदळल्या, भुवई फुटली, चेहरा लाल. तांब्या त्यांच्या हातातच. त्याच तांब्यानं त्यांनी त्याच्या कानशिलात मारलं, एकदा, दोनदा, परत परत, आणि ओरडत होत्या, काय ते त्यांनाच माहीत. हे पानावर नव्हतं. ठकूबाईनं कोयता उचलून विहिरीत फेकला. नामानं मागून दोरखंड टाकला. बाप चावला नामाला, दंडाचा लचका काढला, पण दोरखंड आवळला गेला. खांबाला बांधला त्याला. ठकूबाई अजून मुसळ उगारून होती, नामा ओरडला, "बस गो, मरंल तो!"

"मरू दे!" ठकूबाई म्हणाली. "गंगीला कुणी बस म्हटलं होतं?"

तेव्हा धान्याच्या खोलीची कडी निघाली.

बाई बाहेर आल्या. त्यांच्या खालच्या ओठातून रक्त येत होतं, स्वतःच चावलेला. त्यांनी ठकूबाईच्या हातातलं मुसळ काढून घेतलं. हर्षालीबाईंच्या भुवईवर पदर दाबला. मग खाली पडलेला चेपलेला तांब्या उचलला, माठातून भरला आणि बापासमोर बसल्या. त्याचे हात बांधलेले. त्यांनी स्वतःच्या हातानं तांब्या त्याच्या तोंडाला लावला. तो पहिल्यांदा थुंकला त्यांच्यावर, रक्त आणि पाणी. त्यांनी परत लावला. त्या हातावरचा कोपरापर्यंतचा व्रण त्याच्या डोळ्यांसमोर होता. तो प्याला. आणि मग ओरडायला लागला, शब्द नाय, नुसती ओरड. पोलीस येईपर्यंत ओरडत होता.

तक्रार हर्षालीबाईंनी दिली, आठ टाके घालायच्या आधी. मग संस्थेला फोन.

भगीरथशेठ संध्याकाळी जीप घेऊन आले. त्यांचा राग हर्षालीबाईंवर नाय, रंजनाबाईंवर. "जाता जाता शाळेच्या दारात पोलीस आणलेत! हेच शिकवलंत तिला? रिलीव्ह ऑर्डरचं विसरा आता."

बाई म्हणाल्या, "शेठ, ऑर्डर अडवलीत तर मी एक तारखेला पण इथंच असेन, नोकरी गेली तरी. मग तक्रारीत साक्षीदार म्हणून माझा पत्ता शाळेचाच लागेल. आणि शिमग्याला काय झालं होतं ते पण विचारतील मला."

शेठ खिशात जीपची किल्ली शोधायला लागले. ठकूबाई मागून म्हणाली, "चहा टाकू का शेठ? का पाणी देऊ? वरून देऊ का हातात?" बाईंनी तिला डोळे वटारले, पण मला वाटतं त्यांना हसू येत होतं.

शेवटचा आठवडा दुरुस्तीचा. बाईंनी माझ्या मावशीला, बाईजाला, भट्टीवरून बोलावून घेतलं. हेडमास्तरांच्या सहीनं रजिस्टरात बापाचा अंगठा रद्द केला, सोबत पोलीस तक्रारीची नक्कल जोडली, आणि बाईजामावशीचा अंगठा घेतला. मावशीचा अंगठा नीट उमटेना, भट्टीवर विटा उचलून रेषाच गेलेल्या. तीनदा घेतला. वहीतल्या शेवटच्या पानावर पहिल्या कामापुढे बाईंनी खूण केली. सातातली सहा झाली. सातवं, विहिरीला कठडा, ते झालं नाय, तर त्यांनी तिथं प्रामाणिकपणे लिहिलं, झाले नाही, मी कमी पडले, हर्षालीने पाठपुरावा करावा. आणि कुणाला किती वेळा सांगितलं त्या तारखा.

मग त्यांनी दारावरचं माझं पान काढलं. मला वाटलं फाडतील. पण त्यांनी माझ्या ओळीवर आडवी रेघ मारली, वाचता येईल अशीच, आणि बाजूला लिहिलं. हे एकदाच चालले. परत करू नये. त्याने ओळखले आहे, आणि आपणही. मग ते पान वहीत चिकटवून वही हर्षालीबाईंना दिली. हर्षालीबाईंच्या कपाळाला पट्टी होती. त्या म्हणाल्या, "ताई, मी तांब्यानं मारलं ते पण लिहू का?"

"लिही. तुझी वही आहे आता."

तीस तारखेला सोमवारी पाच वाजता ऑर्डर मिळाली. त्यावर "सेवा समाधानकारक" एवढंच. शाल नाय, नारळ नाय. नामा एसटीपर्यंत ट्रंक घेऊन गेला, दंडाला पट्टी बांधलेली. आम्ही एकशे चार पोरी रस्त्यावर उभ्या होतो आणि बाई वळून वळून बघत नव्हत्या, सरळ चालल्या होत्या. एसटीत चढताना मात्र ओरडल्या, "हर्षाली! एकोणचाळीस नंबरला आज गोळी!" हर्षालीबाई ओरडल्या, "दिली!"

बाप नऊ महिन्यांनी सुटला. फाटकापर्यंत परत नाय आला. एकदा रस्त्यावर उभा होता, लंगडत. मी ओट्यावर होते. आम्ही दोघांनी एकमेकांना बघितलं. त्यानं हात वर नाय केला, मी पण नाय. दोन वर्षांनी भट्टीवरच गेला, दारूनं. मी बारावी झाले, आता कॉलेजात आहे, भाकरी करायला भट्टीवर नाय गेले. ते त्या पानामुळे. त्यातली ती ओळ माझी. रडू येतंय टाइप करताना, चुका असतील, सरांनी दुरुस्त कराव्यात.

आता बाई उंबरमाळीकडच्या त्या वसतिगृहात आहेत आणि परत शेवटचा महिना चालू आहे. मी अजून भेटायला गेले नाय. दहा वर्षं नाय गेले, कारण काय बोलायचं. पण ठकूबाई भेटून आली, ती सांगते की परत वही आहे, परत एक नवीन पोरगी आहे, आणि बाई तिला जेवता जेवता उठवतात.

तुम्ही जा. कुणीही जा, एकतीसच्या आत जा, कसाऱ्याकडची गाडी पकडा आणि उंबरमाळीला उतरून मुलींचं वसतिगृह विचारा, कुणीही दाखवेल. तिसरा आठवडा असेल तर बाई दिसणार नाहीत, धान्याच्या खोलीचं दार वाजवा. मी रविवारी जातेय. पोचलात की पाणी मागा. त्या तांब्या हातात देतात.